टाकीतली वडी आणि मुरलेला वॉशर

प्लंबर फ्लशच्या टाकीचं झाकण उचलतो, अँगल कॉक बंद करतो, व्हॉल्व्ह पिळून बाहेर काढतो आणि त्याच्या तळाशी बसलेल्या रबरी चकतीवरून अंगठा फिरवतो. अंगठा काळाकुट्ट होतो, काजळाच्या डबीत बुडवल्यासारखा. मग तो एकच प्रश्न विचारतो, "टाकीत वडी टाकता का?" घरातली माणसं जरा अभिमानानंच हो म्हणतात. संडास स्वच्छ राहावा, पाहुण्यांना निळंशार पाणी दिसावं, वास येऊ नये, यासाठीच तर वडी आणलेली असते. रात्रभर टाकीत पाणी झिरपण्याचा सूं-सूं आवाज येतो, त्याचं मूळ त्या वडीत असू शकतं, हे मात्र सहसा कोणाच्या मनात आलेलं नसतं.

काळा झालेला अंगठा हा पुरावा समजायला हरकत नाही. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात काजळीसारखा बारीक कार्बन मिसळतात. रबराचे रेणू धडधाकट असतात तोवर तो त्यांच्या जाळ्यात घट्ट धरलेला असतो. जाळं तुटू लागलं की कार्बन मोकळा होतो आणि बोटाला लागतो. म्हणजे अंगठ्यावरचा तो डाग हा मळ नसून वॉशरचाच झडलेला अंश असतो.

आता हा वॉशर करतो काय, ते आधी पाहू. आजकालच्या फ्लॅटमधल्या कमोडच्या टाकीत दोन बटणांचा व्हॉल्व्ह असतो. लहान बटण दाबलं की साधारण तीन लिटर पाणी सुटतं, मोठं दाबलं की सहा. बटण दाबताच मधली नळी वर उचलली जाते, तळाचं भोक उघडतं आणि पाणी भांड्यात कोसळतं. टाकी रिकामी होत आली की नळी पुन्हा खाली बसते. नळीच्या तळाशी रबराची किंवा सिलिकॉनची एक चपटी कडी असते, ती भोकाच्या गोल काठावर टेकते. वरच्या पाण्याचं वजनच तिला दाबून धरतं. स्क्रू नाही, स्प्रिंगचा जोर नाही. सहा-आठ लिटर पाणी अडवून धरण्याचं काम त्या मऊ कडीवर सोपवलेलं असतं. ती मऊ आहे आणि सपाट आहे, एवढ्याच दोन गुणांवर सगळा कारभार चालतो. यातला एक गुण गेला तरी पाणी वाट काढतं.

पूर्वी असं नव्हतं. चाळीत किंवा रेल्वेच्या जुन्या क्वार्टरमध्ये राहिलेल्यांना उंचावरची लोखंडी टाकी आणि तिची लोंबती साखळी आठवत असेल. तिच्यात तळाशी वॉशर नसायचाच. साखळी ओढली की आतली घंटेसारखी लोखंडी टोपी उचलली जाई, सोडली की धाडकन पडे, आणि त्या धक्क्यानं पाणी नळीच्या माथ्यावरून उलटून खाली जाई. याला सायफन म्हणतात. पाणी एकदा माथ्याखाली राहिलं की ते आपणहून बाहेर पडूच शकत नाही, कारण त्याला तळाशी भोकच नाही. ब्रिटनमध्ये पाणी वाया जाऊ नये म्हणून अशा सायफनच्या टाकीचीच सक्ती होती. तिथले नवे नियम 1999 साली आले आणि तळाशी व्हॉल्व्ह असलेल्या टाक्यांना 2001 पासून मुभा मिळाली. बटण दाबायला हलकं, पाणी कमी, टाकी बुटकी, असे व्हॉल्व्हचे फायदे होतेच. पण त्यानंतर गळक्या संडासांचा प्रश्न तिथे डोकं वर काढू लागला. एका गळक्या संडासातून दिवसाला 200 ते 400 लिटर पाणी जातं, असा अंदाज तिथे सर्रास दिला जातो.

म्हणजे गळण्याची शक्यता व्हॉल्व्हच्या घडणीतच आहे. वडी ती शक्यता लवकर खरी करते.

बाजारात टाकीत टाकायच्या वड्या मुख्यतः दोन जातींच्या मिळतात आणि त्यांचा गोंधळ करून चालत नाही. एक निळी वडी. तिच्यात फेस आणणारं साबणासारखं द्रव्य, रंग, सुगंध आणि हे सगळं बांधून ठेवणारा एखादा मेणचट पदार्थ असतो. दुसरी पांढरी, ब्लीचची. तिच्यात पाण्यात हळूहळू क्लोरीन सोडणारं रसायन असतं. कधी ते कॅल्शियम हायपोक्लोराइट असतं, कधी पोहण्याच्या तलावात वापरतात ते ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक अॅसिड, तर कधी ब्रोमीन आणि क्लोरीन दोन्ही सोडणारं हायडँटॉइन. काही निळ्या वड्यांतही रंगाआड ब्लीच असतं, म्हणून रंगावर न जाता पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. वॉशरचा खरा शत्रू हे ब्लीच. निळ्या वडीचा उपद्रव वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊ.

"एवढ्याशा वडीनं काय होतंय? टाकीभर पाण्यात ती विरूनच जाते की," असं वाटणं साहजिक आहे. गणित करून पाहू. समजा पांढरी वडी 50 ग्रॅमची आहे आणि ती महिनाभर पुरते. तलावाच्या त्या रसायनात कामाचं क्लोरीन साधारण 90 टक्के असतं, म्हणजे वडीत 45 ग्रॅम. महिन्याचे 30 दिवस धरले तर रोज दीड ग्रॅम. घरात दिवसातून 15 वेळा फ्लश होतो आणि दर वेळी सरासरी पाच लिटर पाणी जातं असं धरलं, तर दीड ग्रॅम क्लोरीन 75 लिटर पाण्यात वाटलं जातं. लिटरमागे 20 मिलिग्रॅम. पोहण्याच्या तलावात हे प्रमाण साधारण एक ते तीन मिलिग्रॅम ठेवतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात ते किमान 0.2 मिलिग्रॅम असावं लागतं. म्हणजे भर वापराच्या दिवसातही वॉशर नळाच्या पाण्याच्या शंभरपट तीव्र द्रावणात उभा असतो.

पण ही सरासरी आहे, आणि सरासरी इथे फसवते. रात्री आठ तास कोणी फ्लश करत नाही. वडी मात्र झोपत नाही. त्या आठ तासांत तिच्या रोजच्या हिश्श्याचा तिसरा भाग, म्हणजे अर्धा ग्रॅम, टाकीतल्या आठ लिटर पाण्यात उतरला, तर पहाटे लिटरमागे 60 मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन साठलेलं असतं. आता घर दिवाळीत दहा दिवस बंद आहे असं समजा. त्याच गतीनं 15 ग्रॅम क्लोरीन त्या आठ लिटरांत जायला हवं. साचल्या पाण्यात वडी मंद विरघळते म्हणून आकडा निम्मा केला, तरी लिटरमागे 900 मिलिग्रॅमच्या पुढे जातो. गावाहून परतल्यावर संडासाचं दार उघडताच तलावासारखा उग्र वास नाकात जातो, तो यामुळे.

यात आणखी एक मेख आहे. वडी टाकीच्या तळाशी पडते आणि वॉशरही तळाशीच असतो. वडीतून उतरणारं दाट द्रावण साध्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे पाणी ढवळलं गेलं नाही तर ते खालीच थर धरून बसतं. म्हणजे वर मोजलेला आकडा सगळ्या टाकीचा झाला. वॉशरच्या वाट्याला येणारं पाणी त्याहून कडक असतं. कैरीच्या फोडी बरणीत तळाच्या खारात बुडतात तशी ही कडी रात्रंदिवस मुरत राहते. लोणच्याला मुरणं मानवतं, रबराला नाही.

आत नेमकं काय होतं? रबर म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्या, एकमेकींना ठिकठिकाणी बांधलेल्या. ताणलं की साखळ्या सरळ होतात, सोडलं की पुन्हा गुंडाळतात, म्हणून रबर लवचिक. नैसर्गिक रबरात आणि नायट्राइल रबरात या साखळ्यांमध्ये जागोजागी दुहेरी बंध असतात, आणि क्लोरीन नेमका तिथे घाव घालतो. कुठे साखळी तुटते, तिथे रबर चिकट आणि मऊ होतं. कुठे साखळीत क्लोरीन शिरून बसतो किंवा शेजारच्या साखळ्या नव्यानं जखडल्या जातात, तिथे पृष्ठभाग कडक होऊन भेगाळतो. एकाच वॉशरची एक बाजू लिबलिबीत आणि दुसरी खडबडीत झालेली दिसते, ती म्हणूनच. ईपीडीएम नावाच्या रबरात मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात. ते बरंच तग धरतं, पण कडक द्रावणात महिनोन्‌महिने राहिलं तर त्याचाही पृष्ठभाग झिजतो आणि काजळी सोडू लागतो. सिलिकॉनचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन-ऑक्सिजनचा असतो. सौम्य क्लोरीनला तो फारसा बधत नाही, मात्र तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली त्याचा कणाच तोडतात. चांगल्या व्हॉल्व्हमध्ये आता बहुधा सिलिकॉन किंवा ईपीडीएम वापरतात. दुकानातून सुटा आणलेला स्वस्त काळा वॉशर कशाचा आहे, हे मात्र दुकानदारालाही सांगता येत नाही.

रबर फुगतंही. पाणी आणि रसायन आत शिरलं की कडी अर्धा मिलिमीटर जाड होते, पण सगळीकडे सारखी नाही. मग ती लाटेसारखी उठते. कपाळाला लावायच्या टिकलीची कड वर आली की ती चिकटत नाही, तसं होतं. एवढ्याशा लाटेखालून पाण्याचा केसाएवढा धागा सुटतो. तो भांड्याच्या मागच्या भिंतीवरून इतका गुपचूप उतरतो की डोळ्याला दिसत नाही आणि कानालाही ऐकू येत नाही.

अमेरिकेत या प्रकरणाचा धडा सार्वजनिक खर्चानं गिरवला गेला. 1992 च्या ऊर्जा कायद्यानं तिथे संडासाच्या एका फ्लशला जास्तीत जास्त 1.6 गॅलन, म्हणजे सुमारे सहा लिटर पाणी, ही मर्यादा घातली आणि 1994 पासून ती घरगुती संडासांना लागू झाली. त्याआधी 13 लिटरचे संडास सर्रास होते. कॅलिफोर्नियासारख्या तहानलेल्या राज्यात जुने संडास काढून नवे बसवायला लोकांना पैसे दिले गेले. तिथल्या टाकीत भोकावर रबराचं एक झाकण असतं, बिजागरीवर उघडझाप करणारं, त्याला फ्लॅपर म्हणतात. हे फ्लॅपर टाकीतल्या ब्लीचच्या वड्यांनी वाकडे होत, फुगत आणि गळत, असं दिसू लागलं. वाचवलेलं पाणी त्या फटीतून परत निघून जात होतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टनं 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगवेगळ्या मालांचे फ्लॅपर अशा रसायनांत ठेवून त्यांची चाचणी करवून घेतली. पुढे लॉस एंजेलिस शहरानं अनुदानास पात्र संडासांसाठी जी खरेदीची अट घातली, तिच्यात फ्लॅपर रसायनाला टिकणारा हवा, हे कलम होतं. फ्लश व्हॉल्व्ह बनवणारी फ्लुइडमास्टर ही तिथली मोठी कंपनी तर आपल्या मालासोबत स्पष्ट बजावते, की टाकीत ब्लीच किंवा क्लोरीनची वडी टाकली तर सुटे भाग खराब होतील आणि वॉरंटी राहणार नाही. आपल्याकडे हे कागद खोक्यातच राहतात आणि खोकं प्लंबरबरोबर जातं.

प्लास्टिकचं काय? टाकीचं अंग आणि व्हॉल्व्हचा सांगाडा बहुधा दणकट असतो, पण आतल्या काही बारीक भागांसाठी अॅसिटल नावाचं प्लास्टिक वापरलेलं असतं. कडक, गुळगुळीत, घासलं तरी न झिजणारं, म्हणून कारखानदारांचं लाडकं. क्लोरीन आणि आम्ल या दोन्हींसमोर ते दुबळं आहे. याचा सगळ्यात महागडा दाखलाही अमेरिकेचाच. 1978 ते 1995 या काळात तिथल्या लाखो घरांत पॉलिब्युटिलिनचे पाइप टाकले गेले आणि ते जोडायला अनेक ठिकाणी अॅसिटलचे जोड वापरले. घराच्या भिंतींत, साध्या नळाच्या पाण्यात, काही वर्षांत ते तडकू लागले. खटले झाले, आणि 1995 च्या समझोत्यात उत्पादकांना सुरुवातीलाच 95 कोटी डॉलरचा निधी काढून ठेवावा लागला. नळाच्या पाण्यातल्या लिटरमागे एखाद-दोन मिलिग्रॅम क्लोरीननं जिथे ही गत केली, तिथे टाकीतल्या 60 किंवा 900 मिलिग्रॅमचा हिशेब कोणालाही करता येईल. टाकीतली एखादी पट्टी, बारीक आकडा किंवा खिट्टी एक दिवस बटण दाबताच कटकन तुटते आणि घरातल्या धाकट्यावर आळ येतो, तेव्हा वडीचीही चौकशी व्हायला हवी.

धातूची कथा थोडक्यात. ट्रायक्लोरो वडीचं द्रावण आम्लधर्मी असतं, आणि क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. टाकी कमोडवर बसवलेली असेल तर तिला धरून ठेवणारे दोन बोल्ट टाकीच्या तळातूनच गेलेले असतात. ते गंजले की टाकी आणि भांडं यांच्या सांध्यातून फरशीवर पाणी येतं, आणि शंका मात्र भांडं फुटल्याची घेतली जाते.

निळ्या वडीकडे येऊ. ब्लीच नसेल तर ती रबर सहसा खात नाही. पण तिचा मेणचट गाळ व्हॉल्व्हच्या काठावर बसतो आणि कडी नीट टेकत नाही. वडीभोवतीचा पातळ पापुद्रा न विरघळता वॉशरखाली अडकल्याचंही प्लंबरांच्या पाहण्यात येतं. त्याहून मोठा तोटा आहे तो गळती लपवण्याचा. टाकी गळते का हे पाहायचा जगभरचा सोपा उपाय म्हणजे टाकीत रंग टाकणं आणि तो भांड्यात उतरतो का ते बघणं. निळी वडी असली की भांड्यातलं पाणी कायमच निळं, मग उतरलेला रंग ओळखायचा कसा? त्यातच, सारखं गळत असलेल्या टाकीत वडी लवकर संपते. "हल्ली वडी पंधरा दिवसही टिकत नाही," ही तक्रार दुकानदाराकडे नेण्याआधी टाकीत डोकावलेलं बरं.

मग भांड्यात ओतायच्या जालीम क्लीनरचं काय? इथे न्यायानं बोललं पाहिजे. बाटलीतून भांड्याच्या काठाखाली फिरवलेला क्लीनर वॉशरच्या खालच्या अंगाला असतो. नेमून दिल्याप्रमाणे वापरला तर तो टाकीत जातच नाही आणि व्हॉल्व्हला त्याचा स्पर्शही होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक संडास-क्लीनरमध्ये साधारण दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. क्षाराचे पिवळे थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लात फसफसून विरघळतात, म्हणून भांडं चकाकतं. चिनी मातीच्या चकचकीत लेपाला आम्लाचं फारसं काही वाटत नाही.

घोळ होतो तो तीन ठिकाणी. पहिलं, "टाकीपण साफ होऊन जाईल" म्हणून तोच क्लीनर, किंवा दारावर कॅनमधून विकायला येणारं लादी पुसायचं अॅसिड, टाकीत ओतलं जातं आणि रात्रभर ठेवलं जातं. सिलिकॉनचा वॉशर क्लोरीनला पुरून उरला असेल, तो इथे हरतो. अॅसिटलचे भाग आणि बोल्टही. दुसरं, क्लीनरचे आम्लाचे धूर. संडास लहान, खिडकी बंद, भांड्यात अॅसिड मुरत ठेवलेलं. हे धूर जेट स्प्रेच्या मुठीवर, अँगल कॉकच्या मुलाम्यावर आणि सीटच्या बिजागऱ्यांवर बसतात. सहा महिन्यांत अँगल कॉकवर हिरवट-पांढरे फोड दिसतात आणि तो फिरवायला गेलं की फिरत नाही. टाकी गळायला लागल्यावर सगळ्यात आधी जो बंद करायचा, नेमका तोच जाम.

तिसरं ठिकाण जिवाशी खेळणारं आहे. टाकीत ब्लीचची वडी आणि भांड्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, अशी जोडी असेल, तर फ्लश करताच दोन्ही एकत्र येतात आणि क्लोरीन वायू सुटतो. घर दहा दिवस बंद राहिल्यावर टाकीत किती क्लोरीन साठतं, तो आकडा वर आलाच आहे. गावाहून परतल्यावर आधी क्लीनर ओतून मग फ्लश दाबणं हा त्यातला सर्वांत वाईट क्रम. डोळे चुरचुरले, खोकल्याची उबळ आली, तर भांड्यात आणखी काहीही न ओतता दार उघडं टाकून बाहेर पडावं.

आता गळती ओळखायची कशी, ते. पेन्सिल आणि घड्याळ पुरतं. वडी टाकीत असेल तर हातमोजे घालून काढावी आणि दोन-तीनदा फ्लश करावा. टाकी भरू द्यावी, अँगल कॉक बंद करावा आणि पाण्याची पातळी टाकीच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलनं आखावी. अर्धा तास कोणालाही संडास वापरू देऊ नये. मग पाहावं. पाणी रेघेवरच असेल तर तळाचा वॉशर धडधाकट आहे. तरीही एरवी भांड्यात पाणी वाहत असेल, तर दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा, म्हणजे आपण अजूनही बॉल कॉक म्हणतो त्याचा. तो वेळेवर बंद होत नाही आणि जास्तीचं पाणी मधल्या नळीच्या तोंडातून खाली जातं. पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा बऱ्याच टाक्यांत पाण्याच्या वरच्या अंगाला असतो, त्यामुळे वडीचा थेट मार त्याला कमी बसतो. आपल्याकडे त्याला बोअरच्या पाण्यातला क्षार आणि वाळूच जास्त छळतात.

पातळी रेघेखाली गेली असेल, तर वॉशर दोषी. फरशी कोरडी आहे ना, एवढं तेवढं पाहून घ्यावं. किती पाणी जातं, तेही काढता येतं. टाकी आतून 36 सेंटिमीटर लांब आणि 14 रुंद असेल, तर एक सेंटिमीटर उंचीचं पाणी म्हणजे जवळपास अर्धा लिटर. अर्ध्या तासात तीन सेंटिमीटर उतरलं तर दीड लिटर, तासाला तीन, दिवसाला 72. महिन्याला 2,160 लिटर. एका घराला हे कळतही नाही. पण 40 फ्लॅटच्या सोसायटीत 80 संडास धरले आणि त्यांतले पाचच असे गळत असतील, तर महिन्याला 10,800 लिटर होतात, म्हणजे 10 हजार लिटरचा एक अख्खा टँकर आणि वर थोडं. उन्हाळ्यात पुण्याच्या किंवा ठाण्याच्या उपनगरांत टँकरची वर्गणी काढणाऱ्या सोसायट्यांनी सभेच्या विषयपत्रिकेत पेन्सिलीची ही चाचणी घालायला हरकत नाही.

वॉशर काढून पाहिल्यावर बऱ्याच गोष्टी उघड होतात. काळा रंग बोटाला लागतो, चिकटपणा जाणवतो, सपाट काचेवर ठेवला तर कड उचललेली दिसते, मुडपला की बारीक भेगा उघडतात. यांपैकी एकही खूण असेल तर नवा घालावा. सिलिकॉनची कडी काळी पडत नाही, तिच्यावर लाट आणि ताठरपणा शोधावा. कधी वॉशर निर्दोष असतो आणि काठावर क्षाराची कपची असते, ती नखानं निघते. काही प्लंबर वॉशर उलटा करून बसवतात. दोन्ही बाजू सपाट असतील तर ही युक्ती चालते, पण थोडेच दिवस, कारण मुरलेली दोन्ही अंगं असतात. व्हॅसलिन लावून वॉशर "नरम" करायचा घरगुती इलाज मात्र उलटा पडतो. पेट्रोलियमनं नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम दोन्ही फुगतात. काही लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

नवा वॉशर व्हॉल्व्हच्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा घ्यावा. बाहेरून सारखे दिसणारे वॉशर जाडीत मिलिमीटरभर वेगळे निघतात आणि तेवढ्यानं व्हॉल्व्ह पुरता खाली बसत नाही. टाकी भिंतीत दडवलेली असेल, तर हे सगळं बटणाच्या पाटीमागच्या हातभर खिडकीतून करावं लागतं. वॉशर स्वस्त असतो, वेळ आणि मजुरी महाग पडते. म्हणून भिंतीतल्या टाकीत वडी टाकणं हा तर निव्वळ आत्मघात. काही बटणांच्या पाट्यांमागे वडी ठेवायला वेगळा कप्पा दिलेला असतो, तिथेही क्लोरीनची वडी चालेल का हे माहितीपत्रकात पाहूनच ठरवावं.

राहिला प्रश्न टाकी साफ ठेवण्याचा. टाकीच्या भिंतीवर बसलेला तपकिरी थर बहुधा लोहाचा आणि गाळाचा असतो, पांढरा थर क्षाराचा. ब्लीच यांतला एकही काढत नाही. ते डाग फिके करतं आणि जंतू मारतं, क्षाराला हात लावत नाही. वर्षातून दोनदा अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि मऊ ब्रश घेऊन भिंती घासाव्यात आणि स्पंजनं गाळ टिपून घ्यावा. क्षार जाड असेल तर लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी फडक्यानं लावून दहा-पंधरा मिनिटांत धुऊन टाकावं, रात्रभर ठेवू नये. व्हॉल्व्ह बाहेर काढून वॉशर आणि त्याचा काठ नुसत्या पाण्यानं पुसावा. या साऱ्याला अर्धा तास लागतो.

सुगंध आणि फेस हवाच असेल, तर भांड्याच्या काठाला आतून अडकवायची जाळीतली वडी घ्यावी. ती वॉशरच्या पलीकडे असते आणि फ्लशच्या पाण्यानंच भिजते. टाकीत पांढरी वडी आधीच टाकलेली असेल, तर बाहेरगावी निघताना ती काढावी, दोनदा फ्लश करावा आणि अँगल कॉक बंद करूनच दाराला कुलूप लावावं.